दुरुस्त केलेली चूक परत आली, तेव्हा पैसे कुठे गेले?

वाचकाचं पत्र

नमस्कार. नाशिकजवळ आमची छोटी कंपनी आहे, कृषी सेवा केंद्रांना बिलिंगचं सॉफ्टवेअर पुरवते. 5 डेव्हलपर, सपोर्टला 2 जण, आणि रोजचं काम बघणारा मी. माझं शिक्षण बी.कॉम., कोड कळत नाही. सगळा कोड ऑफिसच्या एका सर्व्हरवर शेअर केलेल्या फोल्डरमध्ये असतो. 22 सप्टेंबर 2025 ला ठिबक संचावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला, तेव्हा जुन्या बिलावरच्या विक्रीपरतीत दर चुकत होता. एका मुलाने ऑक्टोबरमध्ये ते नीट केलं. नोव्हेंबरच्या अपडेटमध्ये तीच चूक परत आली. कुणीतरी जुनी फाइल वर टाकली होती म्हणे. 3 दिवस पुन्हा काम, 40 दुकानांत पुन्हा इन्स्टॉल, 2 ग्राहक सोडून गेले. आता मुलं म्हणतात, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या सॉफ्टवेअरवर जाऊ, 2 आठवडे द्या. साहेब म्हणतात, यातून मिळणार काय? एका डेव्हलपरचा महिन्याचा खर्च 60,000 धरतो. रुपयांच्या भाषेत सांगाल का?

— एक व्यवस्थापक, नाशिक

उत्तर

नमस्कार.

साहेबांचा प्रश्न रास्त आहे, आणि मुलांचंही चुकत नाही. मात्र मुलांनी मागितलेले 2 आठवडे जसेच्या तसे मंजूर करू नका. का, ते आकड्यांवरून कळेल.

महिन्याचे 22 दिवस, दिवसाचे 8 तास धरले तर तुमच्या एका डेव्हलपरचा तास साधारण 340 रुपयांना पडतो. 3 दिवसांचं दुबार काम म्हणजे 24 तास, 8,160 रुपये. सपोर्टच्या माणसाचा तास 140 रुपये धरू. दोघांचा आठवडाभराचा निम्मा वेळ या एकाच तक्रारीत गेला असं मानलं, तर 40 तास, 5,600 रुपये. 40 दुकानांत लांबून कनेक्ट होऊन प्रत्येकी अर्धा तास, असे 20 तास, 2,800 रुपये. इथपर्यंत साडेसोळा हजार झाले. एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, वर्षाला 12,000 असेल, तर सोडून गेलेल्या दोन ग्राहकांचे 24,000 त्यात घाला. म्हणजे पहिल्या वर्षी चाळीस हजारांच्या वर, आणि दुसऱ्या वर्षीही ते 24,000 येणार नाहीतच. सपोर्टचा पगार आणि एएमसी मी अंदाजाने धरली आहे, तुमचे खरे आकडे घालून हिशेब पुन्हा मांडा.

यात एक खर्च दिसत नाही, तो तुमच्या ग्राहकांनी सोसला. 10 सप्टेंबरला 40,000 रुपयांचा ठिबक संच विकला तेव्हा त्यावर 12 टक्क्यांनी 4,800 रुपये कर लागला. तो संच ऑक्टोबरमध्ये परत आला तर परतीची पावती, म्हणजे क्रेडिट नोट, मूळ विक्रीच्या दरानेच निघायला हवी, म्हणजे 4,800 च. तुमच्या सॉफ्टवेअरने परतीच्या दिवसाचा 5 टक्के दर लावला, तर नोटेवर 2,000 येतात. शेतकऱ्याला पूर्ण पैसे परत करायचे आणि सरकारकडे भरलेल्या करातून वजावट मात्र 2,800 ने कमी मिळायची. दुकानदाराला हे कळतं पुढच्या महिन्याच्या 11 तारखेच्या आत जीएसटीआर-1 हे विक्रीचं विवरणपत्र भरताना, तेही त्याचा सीए फोन करून विचारतो तेव्हा. तुमचे दोन ग्राहक का गेले, याचं उत्तर बहुधा इथेच आहे. चूक एकदा झाली तर दुकानदार समजून घेतो. दुरुस्त झाली असं सांगितल्यावर तीच पुन्हा झाली, की त्याचा तुमच्या शब्दावरचा विश्वास उडतो.

आता ती परत आली कशी, ते बघू. गिट नेमकं काय अडवतं, ते त्यावरून कळेल.

शेअर केलेल्या फोल्डरमध्ये काम कसं चालतं? पहिल्या मुलाने क्रेडिट नोटची फाइल आपल्या मशीनवर घेतली, नीट केली, परत फोल्डरमध्ये टाकली. दुसऱ्याने तीच फाइल त्याच्या आधी घेऊन ठेवलेली होती, त्याला समजा बिलावर दुकानाचा लोगो छापायचा होता. त्याचं काम आठवड्याने संपलं, त्याने आपली फाइल वर टाकली. विंडोजने विचारलं, जुनी फाइल बदलू का? त्याने हो म्हटलं. लोगो आला, दुरुस्ती गेली. दोघांनीही आपापलं काम चोख केलं होतं. म्हणून यात कुणाला बोल लावू नका. पुढच्या वेळी लक्ष ठेवा, असं सांगूनही भागणार नाही, कारण फाइल टाकणाऱ्याला आपण काय पुसतोय हे दिसण्याची सोयच तिथे नाही.

गिटमध्ये प्रत्येकाकडे सगळ्या कोडची आपली प्रत असते, आणि एक प्रत सर्वांसाठी मध्यवर्ती ठिकाणी. काम झालं की डेव्हलपर बदलाची नोंद करतो, तिला कमिट म्हणतात. मग ती मध्यवर्ती प्रतीकडे पाठवतो, त्याला पुश म्हणतात. दरम्यान तिथे दुसऱ्या कुणाची नोंद येऊन पडली असेल, तर गिट त्याचा पुश घेत नाही. पडद्यावर ही ओळ येते:

```
 ! [rejected]        main -> main (fetch first)
```

आधी दुसऱ्याचं काम आणून घे, मग तुझं पाठव, असा याचा अर्थ. तो ते आणतो. दोघांचे बदल फाइलच्या वेगवेगळ्या भागांत असतील तर गिट स्वतःच जुळवून टाकतं, एकाच ओळीवर दोघांनी हात ठेवला असेल तर थांबून दोन्ही ओळी समोरासमोर दाखवतं आणि माणसाला ठरवायला लावतं. तुमच्याकडे नोव्हेंबरमध्ये ही एक ओळ आडवी आली असती, तर लोगो आणि दुरुस्ती दोन्ही एकाच अपडेटमध्ये गेले असते. त्या दिवशी त्या मुलाची फार तर पंधरा मिनिटं गेली असती.

कळफलकावरून हा अडसर मोडताही येतो, जबरदस्तीने पुश करायची सोय आहे. म्हणून मध्यवर्ती प्रतीच्या मुख्य शाखेवर, म्हणजे सगळ्यांचं काम जिथे एकत्र येतं त्या धाग्यावर, जबरदस्तीचा पुश बंद करून ठेवायचा असतो. ही सेटिंग मध्यवर्ती प्रत ठेवणाऱ्या कोणत्या सेवेत फुकट मिळते आणि कोणत्या सेवेत पैसे मोजावे लागतात, हे सेवा निवडण्याआधी मुलांना विचारा. गिटहब या सेवेवर खासगी प्रकल्पासाठी ती सशुल्क योजनेत येते. गिट हे सॉफ्टवेअर स्वतः फुकट आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते 2005 मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलं, कारण तोवर ते लोक वापरत होते त्या साधनाची फुकट परवानगी काढून घेतली गेली होती. पैसे लागलेच तर ते मध्यवर्ती प्रत ठेवणाऱ्या सेवेचे, आणि 5 माणसांसाठी ती रक्कम वर मांडलेल्या नुकसानीपुढे किरकोळ असते.

तुम्ही बी.कॉम. आहात, त्यामुळे पुढची गोष्ट तुम्हाला तुमच्या मुलांपेक्षाही चटकन पटेल. वहीत चुकीची नोंद झाली तर आपण ती खोडत नाही, उलट नोंद करतो, म्हणजे चूकही दिसते आणि दुरुस्तीही. 1 एप्रिल 2023 पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षापासून कंपन्यांना हिशेबाचं सॉफ्टवेअर असंच वापरावं लागतं: प्रत्येक नोंदीत कोणता बदल कधी झाला याची न पुसता येणारी नोंद ठेवणारं, आणि ती सोय बंद करता न येणारं. तुमच्या हिशेबाला कायद्याने हे संरक्षण दिलं. तुमची कंपनी ज्याच्यावर जगते, त्या कोडला ते अजून नाही. गिटमधली `git revert` ही आज्ञा म्हणजे नेमकी उलट नोंद आहे. नको असलेला बदल मागे घेतला जातो, पण तो झाला होता हेही इतिहासात राहतं.

आणि ही नोंद तुम्हालाही वाचता येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरचं हेच काम गिटमध्ये झालं असतं, तर यादी साधारण अशी दिसली असती, सगळ्यात नवं वर:

```
a41c9e2 Print dealer logo on A5 bill
7d03b18 Credit note: use rate of original invoice date
e95f6c0 Drip sets: 5% GST from 22 Sep 2025
```

पहिले 7 अक्षर-आकडे म्हणजे त्या नोंदीचा क्रमांक, पुढे काय केलं त्याचं एक वाक्य. कुणी आणि कधी केलं, तेही सोबत साठवलेलं असतं. त्यातली मधली नोंद उघडली, की आत एवढंच:

```
-    rate = gst_rate(item, note.date)
+    rate = gst_rate(item, note.invoice.date)
```

वजा चिन्हाची ओळ गेली, अधिक चिन्हाची आली. आधी दर परतीच्या तारखेवरून काढला जायचा, आता मूळ बिलाच्या तारखेवरून. तुमची 3 दिवसांची दुबार मेहनत एवढ्या बदलासाठी होती. खरा वेळ ओळ लिहायला जात नाही. आधी काय केलं होतं, कुठे केलं होतं, सोबत आणखी काय बदललं होतं, हे पुन्हा शोधण्यात तो जातो. गिटमध्ये जुनी नोंद शोधून परत लावायला त्या मुलाला चहा यायच्या आत जमलं असतं.

साहेब एक विचारतील, मलाही नेहमी विचारलं जातं: यासाठी गूगल ड्राइव्ह आहे ना, तो जुन्या प्रती ठेवतोच की. ठेवतो, पण एकेका फाइलच्या, आणि गूगलच्या स्वतःच्या नसलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती सहसा 30 दिवस किंवा 100 प्रती इतक्याच. कोडमधला एक बदल बहुतेक वेळा तीनचार फाइलींत एकदम होतो: दराची, क्रेडिट नोटची, छपाईची. त्या सगळ्या मिळून एक बदल आहे हे ड्राइव्हला ठाऊक नसतं. एक फाइल मागे नेली आणि बाकीच्या पुढेच राहिल्या, तर सॉफ्टवेअर आहे त्याहून जास्त बिघडतं. गिट त्या सगळ्या एका नोंदीत बांधतं, पुढे नेतं तेव्हा एकत्र आणि मागे आणतं तेव्हाही एकत्र.

आता सगळ्यात मोठ्या बचतीकडे येतो. कोणत्या दुकानात नेमका कोणता कोड चालतो आहे, हे तुम्हाला आज छातीठोकपणे सांगता येईल का? माझा अंदाज, नाही. सर्व्हरवर `billing_final`, `billing_final_2`, `billing_nov_new` असे फोल्डर असतील. 40 दुकानांत इन्स्टॉल केलेलं सॉफ्टवेअर त्यातल्या कशातून तयार झालं, हे एखाद्या मुलाच्या डोक्यात असेल. दुकानदार फोन करतो, तुमचा मुलगा आपल्या मशीनवर तीच कृती करून बघतो, चूक दिसत नाही. कारण त्याच्याकडचा कोड वेगळा आहे आणि दुकानातला वेगळा. असले तास कुठल्याच हिशेबात येत नाहीत, 'सपोर्ट' या एका शब्दाखाली गडप होतात.

गिटमध्ये दुकानात पाठवायच्या प्रत्येक आवृत्तीला टॅग लावतात, म्हणजे त्या क्षणाच्या संपूर्ण कोडवर एक नावाची चिठ्ठी, समजा `v3.4.1`. हाच क्रमांक सॉफ्टवेअरच्या माहितीच्या खिडकीत दिसायला हवा. मग सपोर्टचा पहिला प्रश्न ठरलेला: खिडकीत कोणता नंबर दिसतो? डेव्हलपर एका आज्ञेने नेमका तोच कोड उघडतो:

```
git checkout v3.4.1
```

आता दुकानात जे चालतं तेच त्याच्यासमोर आहे. चूक दिसलीच, तर आणखी एक सोय कामी येते. `v3.4.0` मध्ये चूक नव्हती, `v3.4.1` मध्ये आहे, आणि मध्ये 200 बदल झाले असतील. `git bisect` ही आज्ञा त्यांतला मधोमधचा बदल समोर ठेवून विचारते, इथे चूक आहे का? उत्तरानुसार निम्मे बदल बाद होतात, मग उरलेल्यांतले निम्मे. 200 बदलांत गुन्हेगार सापडायला फार तर 8 तपासण्या पुरतात. अटी दोनच, चूक आहे की नाही हे दरवेळी खात्रीने तपासता आलं पाहिजे, आणि प्रत्येक नोंद छोटी असली पाहिजे. दोन आठवड्यांचं काम एका नोंदीत कोंबलं असेल, तर बाइसेक्ट त्या नोंदीपर्यंत आणून सोडेल आणि तिथून पुढे पुन्हा अंधार.

यावरून, कोड न कळताही तुम्हाला लक्ष ठेवता येईल. आठवड्यातून एकदा नोंदींची यादी उघडायला सांगा. प्रत्येकाच्या नावावर रोज किंवा दिवसाआड काही आलं आहे का, आणि वाक्यावरून काय केलं ते तुम्हाला कळतं का, एवढंच बघा. 'update', 'changes', 'final' अशी वाक्यं दिसली, किंवा एखाद्याची दहा दिवसांत एकही नोंद नसून मग एकदम 60 फाइलींची आली, तर गिट आहे पण त्याचा फायदा तुमच्या पदरात पडत नाही. ज्याने नोंद पाठवलेली नाही त्याचं काम फक्त त्याच्या लॅपटॉपवर आहे. लॅपटॉप बसमध्ये राहिला तर ते गेलं, त्याला गिटही काही करू शकत नाही. घरी जाण्याआधी पुश, हा नियम घालाच. काम अर्धवट असलं तरी चालेल, ते स्वतःच्या वेगळ्या शाखेवर पाठवता येतं.

आता मर्यादा सांगतो, कारण गिट आलं म्हणजे सगळं सुरक्षित झालं असं साहेबांना वाटलं तर ते महागात पडेल. गिट कोड सांभाळतं. दुकानांतला डेटा, म्हणजे बिलं, उधारी, साठा, हे सांभाळणं त्याचं काम नाही. हा फरक कळायला 31 जानेवारी 2017 ची एक घटना बघा. गिटलॅब ही कंपनी लोकांचे गिट प्रकल्प ठेवण्याचीच सेवा देते, म्हणजे या विषयातली जाणकार माणसं. त्यांच्या डेटाबेसचा एक मुख्य सर्व्हर होता, आणि एक त्याची सतत नक्कल ठेवणारा. नक्कल मागे पडत होती. रात्री उशिरा एक इंजिनिअर ती नव्याने सुरू करायला म्हणून दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसायला गेला, आणि आज्ञा चालली मुख्य सर्व्हरवर. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबीच उरले होते.

त्यांच्याकडे बॅकअपचे मार्ग अनेक होते, आणि त्या वेळी एकही धड चालत नव्हता. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्राम डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हता, त्यामुळे रोज अपयशी ठरत होता. अपयशाची सूचना देणारे ईमेल पोचतच नव्हते, त्यामुळे कुणाला पत्ता नव्हता. बॅकअप जिथे साठायचे ती जागा उघडली तर रिकामी. सुमारे 6 तासांपूर्वी एका इंजिनिअरने दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत होती, तिने वाचवलं. सेवा पूर्ववत व्हायला दुसरा दिवस उजाडून गेला, आणि त्या 6 तासांतल्या चर्चा, टिपण्या, नवी खाती कायमची गेली. मात्र लोकांचा गिटमधला कोड गेला नाही, कारण तो त्या डेटाबेसमध्ये नव्हताच, आणि गिटच्या रचनेमुळे प्रत्येक डेव्हलपरच्या मशीनवर त्याचा इतिहासासकट संपूर्ण संच होता. हे सगळं त्या कंपनीने स्वतः जाहीरपणे लिहिलं, त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे.

तेव्हा गिटचे पैसे मंजूर करताना दुकानांच्या डेटाचा बॅकअप त्याच यादीत धरू नका, तो वेगळा विषय, वेगळा खर्च आहे.

दुसरी मर्यादा पासवर्डची. डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्येच लिहून ठेवलेला असतो, छोट्या कंपन्यांत तर सर्रास. एकदा तो नोंदीत गेला, की पुढच्या नोंदीत काढून टाकला तरी जुन्या नोंदीत दिसत राहतो, कारण काही न विसरणं हेच गिटचं काम आहे. म्हणून पहिली नोंद करण्याआधी पासवर्ड कोडबाहेर काढायला सांगा, आणि चुकून गेलाच तर फाइल खोडत बसण्यापेक्षा आधी पासवर्ड बदलायचा. दुकानदारांच्या डेटाच्या प्रतीही कोडच्या फोल्डरमध्ये पडलेल्या असतात, त्याही गिटमध्ये जाता कामा नयेत.

आता ते 2 आठवडे. 5 जणांनी 10 दिवस सगळं सोडून हेच केलं, तर 400 तास, 1,36,000 रुपये. साहेब याला नाही म्हणाले तर मी त्यांना दोष देणार नाही. पण एवढं लागत नाही. अनुभवी दोघांना 3 दिवस द्या, ते 48 तास. सगळ्यांना अर्धा दिवस शिकवायला, 20 तास. पुढचे 10 दिवस हात बसेपर्यंत प्रत्येकाचा रोज अर्धा तास जाईल, 25 तास. एकूण 93 तास, साधारण 32,000 रुपये. नोव्हेंबरच्या एका घटनेत तुमचे चाळीस हजारांच्या वर गेले. साहेबांसमोर हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा. अशी घटना वर्षात पुन्हा एकदा टळली तरी पैसे वसूल, आणि फोल्डरवर चाललेल्या कामात ती पुन्हा होणारच नाही असं तुमचा एकही डेव्हलपर लिहून देणार नाही.

त्या दोघांचे 3 दिवस गिट बसवण्यात जात नाहीत, तो तासाभराचा मामला आहे. वेळ जातो खरा कोड कोणता हे ठरवण्यात. त्याची पद्धत सांगून ठेवतो, कारण इथे घाई झाली तर चुकीची प्रतच कायमची नोंदली जाते. दुकानांत शेवटचं इन्स्टॉल झालेलं सॉफ्टवेअर ज्या फोल्डरमधून तयार झालं, तो आधी शोधायचा. खात्री कशी करायची? त्यातून इन्स्टॉलर पुन्हा तयार करायचा आणि दुकानातल्या सॉफ्टवेअरशेजारी चालवून बघायचा, विशेषतः जिथे चूक झाली होती ती विक्रीपरत. जुळलं की ती पहिली नोंद. मग आज चालू असलेलं काम तिच्यावर दुसरी नोंद म्हणून टाकायचं. या दोहोंमधला फरक गिट ओळीओळीने दाखवेल, आणि तो सगळ्यांनी एकत्र बसून वाचायचा. दुकानात आहे पण चालू फोल्डरमध्ये नाही, अशी एखादी ओळ दिसली तर ती पुसली गेलेली आणखी एक दुरुस्ती असू शकते. अशा ओळी सापडतील याची मनाची तयारी ठेवा. ती सापडणं हा फायदाच आहे, कारण पुढच्या अपडेटमध्ये ती दुकानदाराला सापडली असती. जुने `final` फोल्डर लगेच पुसू नका, केवळ वाचता येतील असे करून वर्षभर बाजूला ठेवा. पण त्या दिवसापासून शेअर फोल्डरमध्ये लिहायची परवानगी सगळ्यांचीच काढा, ज्येष्ठ मुलाचीही. दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालू राहिल्या, तर महिन्याभरात पुन्हा तेच होतं.

एखादा दुकानदार खास बदल मागतो तेव्हा त्याच्यासाठी वेगळी शाखा काढून ती कायम चालवायचा मोहही मुलांना होईल. अशा दहा शाखा झाल्या की प्रत्येक दुरुस्ती दहा ठिकाणी लावावी लागते, आणि एक ठिकाण राहतंच. तो बदल मुख्य कोडमध्ये घेऊन सेटिंगने चालू-बंद करता येईल असा करायला सांगा.

दोन गोष्टी मात्र तुमच्या, त्या डेव्हलपरवर सोपवू नका. मध्यवर्ती प्रत ज्या सेवेवर असेल तिथलं मालकीचं खातं कंपनीच्या ईमेलवर काढा आणि त्याच्या चाव्या दोन माणसांकडे ठेवा, त्यातले एक साहेब. एखाद्या मुलाच्या वैयक्तिक खात्यावर सगळा कोड ठेवला आणि तो नोकरी सोडून गेला, तर भांडण नसतानाही आठवडे जातात.

आणि ते 3 दिवस संपले की परीक्षा घ्या. ज्याने हे बसवलं नाही अशा मुलाला कोरी मशीन द्या, शेअर फोल्डरचं कनेक्शन काढा, आणि फक्त मध्यवर्ती प्रतीवरून इन्स्टॉलर तयार करायला सांगा. पहिल्यांदा बहुतेक जमत नाही. बाहेरून घेतलेल्या तयार कोडची एखादी लायब्ररी कुणाच्या तरी मशीनवरच राहिलेली असते, छपाईचा एखादा नमुना नोंदीत गेलेलाच नसतो. काय कमी पडलं ते लिहून घ्या, ते नोंदीत टाकून घ्या, आणि दुसऱ्या मुलाकडून पुन्हा करून घ्या. त्याच्या इन्स्टॉलरमध्ये 10 सप्टेंबरच्या बिलावर विक्रीपरत टाकून बघा. क्रेडिट नोटेवर 12 टक्के आले, की मुलांनी मागितलेलं काम झालं असं साहेबांना कळवा.